प्रकल्प नोंदी: ‘माझा फोन तुम्हाला कोणता दिसतो?’

5 जानेवारी 2026

पतसंस्थेच्या सभासद पोर्टलवर जी मदत-खिडकी आहे, तिचं काम आजपासून माझ्याकडे आलं. खिडकी साधी आहे. सभासद ठरलेल्या प्रश्नांपैकी एक निवडतो, त्याचं ठरलेलं उत्तर येतं आणि त्यानं भागलं नाही तर मदतकक्षातल्या ताई पुढे बोलतात. ताईंच्या पडद्यावर सभासदाच्या नावाखाली एक ओळ असते: ‘उपकरण: अँड्रॉइड 10, क्रोम’. पासबुकाची पीडीएफ उतरवली की ती कुठे सापडेल, हे अँड्रॉइडवर वेगळं सांगावं लागतं आणि आयफोनवर वेगळं. त्यामुळे ही ओळ उपयोगाची आहे, पण खरी असेल तरच.

कामाची सुरुवात एका तक्रारीपासून झाली. एका सभासद काकूंनी लिहिलं होतं: ‘पानावर पिवळी पट्टी येते की तुमचा अँड्रॉइड 10 जुना आहे, सुरक्षित नाही. माझ्या सेटिंगमध्ये तर 13 लिहिलंय. दुकानदार म्हणतो फोन चांगला आहे. तुम्हाला माझा फोन नक्की कोणता वाटतो ते सांगा.’ त्यावर खिडकीनं तयार उत्तर दिलं: ‘आपण अँड्रॉइड 10 वापरत आहात.’ म्हणजे ज्या गोष्टीबद्दल त्यांना शंका होती, तीच गोष्ट त्यांना पुन्हा ठामपणे सांगितली गेली.

काकूंचा प्रश्न अगदी नेमका आहे. ‘माझ्याकडे कोणता फोन आहे’ असं त्यांनी विचारलेलं नाही, ते त्यांना माहीत आहे. आम्हाला काय वाटतं आणि ते कशावरून, हे त्यांना हवंय. माझ्या मते या प्रकल्पाचा गाभा एवढाच आहे: या प्रश्नाला खरं उत्तर देता येईल अशी खिडकी तयार करायची.

7 जानेवारी

सर्व्हरच्या लॉगमध्ये काकूंच्या भेटीची नोंद सापडली. ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो, तिला यूजर एजंट म्हणतात. त्यांची ओळ अशी होती:

```
Mozilla/5.0 (Linux; Android 10; K) AppleWebKit/537.36
(KHTML, like Gecko) Chrome/143.0.0.0 Mobile Safari/537.36
```

वाचणाऱ्याला ‘Android 10’ स्पष्ट दिसतं, आणि पिवळ्या पट्टीचा कोड नेमका तेवढाच तुकडा उचलतो. पण तो 10 हा काकूंच्या फोनचा आकडा नाही. अँड्रॉइडवरचा क्रोम तो सगळ्यांसाठी सारखाच पाठवतो. फोनवर 12 असो, 14 असो की 16, ओळीत 10 च येतो. पुढचा ‘K’ सुद्धा तसाच. पूर्वी त्या जागी फोनचं मॉडेल असायचं, आता सगळ्या मॉडेलांसाठी एकच अक्षर. क्रोमच्या आवृत्तीतही पहिला आकडाच खरा असतो, पुढची तीन शून्यं नुसती जागा भरण्यासाठी.

हा बदल गूगलनं टप्प्याटप्प्यानं केला. 2022 मध्ये 101 व्या आवृत्तीत क्रोमच्या आवृत्तीचे शेवटचे आकडे शून्य झाले, आणि फेब्रुवारी 2023 मधल्या 110 व्या आवृत्तीपासून अँड्रॉइडवरच्या ओळीत 10 आणि K दिसू लागले. कारण सरळ आहे. मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि ब्राउझरचे बारीकसारीक आकडे एकत्र जोडले की लाखोंच्या गर्दीतून एखादा माणूस बराचसा वेगळा ओळखता येतो, आणि ते त्याला न विचारता. म्हणून ही माहिती प्रत्येक विनंतीबरोबर आपोआप जाणं बंद केलं.

पिवळ्या पट्टीचा कोड त्याआधीचा आहे. ‘अँड्रॉइड 11 पेक्षा कमी असेल तर इशारा द्या’ असा त्यात नियम आहे. याचा अर्थ, अँड्रॉइडवर अद्ययावत क्रोम वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सभासदाला हा इशारा दिसत असणार. क्रोम जितका ताजा, तितकी इशाऱ्याची खात्री जास्त. एखाद्या निवृत्त माणसानं आपल्या पतसंस्थेचा इशारा वाचून धडधाकट फोन बदलायला काढला, तर ते पैसे आमच्या एका चुकीच्या ओळीमुळे गेले असं म्हणावं लागेल. पट्टी आजच बंद करायला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत ती बंद झाली.

9 जानेवारी

आता उत्तराचा मसुदा. पहिल्या बैठकीत एका सहकाऱ्याची सूचना होती की प्रश्नच टाळावा: ‘गोपनीयतेच्या कारणास्तव आम्ही आपल्या उपकरणाची कोणतीही माहिती घेत नाही’ असं लिहायचं, वादच नको. वाक्य सभ्य वाटतं. पण ते खोटं आहे.

आमच्या सर्व्हरवर पानं पाठवण्याचं काम एनजिन्क्स नावाचं सॉफ्टवेअर करतं. त्याच्या नेहमीच्या नोंदपद्धतीत प्रत्येक विनंतीची एक ओळ लिहिली जाते आणि त्या ओळीत आयपी पत्ता, वेळ, मागितलेलं पान आणि संपूर्ण यूजर एजंट असतो. हे आम्ही मुद्दाम सुरू केलेलं नाही, ते आधीपासून सुरूच असतं. उबुंटूच्या पॅकेजबरोबर येणारी सेटिंग रोज नवी फाइल सुरू करते आणि जुन्या 14 फाइली ठेवते, आमच्याकडे तीच आहे. शिवाय मदत-खिडकी प्रत्येक संभाषणाबरोबर उपकरणाची ओळ स्वतःच्या डेटाबेसमध्ये साठवते, आणि ती तिथून कधीच पुसली जात नाही.

तेव्हा जास्त सांगणं जसं खोटं, तसं कमी सांगणंही खोटंच. ‘तुम्ही अँड्रॉइड 10 वापरता’ हे नसलेलं ज्ञान मिरवणं झालं, आणि ‘आम्हाला काहीच माहीत नाही’ हे असलेलं ज्ञान लपवणं. दुसऱ्या प्रकारानं माणूस जास्त दुखावतो असं मला वाटतं, कारण खरं काय ते त्याला पुढे कधीतरी कळतंच. ताईंच्या पडद्यावर ‘क्रोम’ लिहिलेलं असतं, त्या सहज बोलून जातात की ‘क्रोममध्ये वर तीन ठिपके दिसतील ना’, आणि ऐकणारा थबकतो. मी क्रोम वापरतो हे यांना कुणी सांगितलं?

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माणसाला आपल्याबद्दलच्या माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क दिला आहे. तो कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं, पण बैठकीत त्याचा उल्लेख केल्यावर सूचना मागे घेतली गेली.

आज ठरलं ते असं. उत्तरात तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत: ब्राउझरनं आम्हाला काय सांगितलं, त्यावरून आम्ही काय अंदाज केला आणि काय आम्हाला कळू शकत नाही. एकाच वाक्यात हे मिसळलं की अंदाज माहितीसारखा वाचला जातो. साठवलेल्या नोंदी डेटाबेसमधून 30 दिवसांनी पुसायच्या, आणि हेही उत्तरातच लिहायचं.

13 जानेवारी

काकूंच्या बाबतीत आणखी खरं उत्तर देता येईल का, हे आज पाहिलं. येतं. क्रोमनं ओळीतून माहिती काढली, तशी ती मागून घेण्याची सोयही केली. त्या सोयीला क्लायंट हिंट्स म्हणतात. न मागता तीन गोष्टी येतात: ब्राउझरचं नाव आणि मुख्य आवृत्ती, मोबाइल आहे की नाही, आणि प्रणालीचं नुसतं नाव, म्हणजे ‘Android’ किंवा ‘Windows’. मॉडेल आणि प्रणालीची खरी आवृत्ती मात्र मागावी लागते.

मागायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे सर्व्हरनं उत्तरासोबत `Accept-CH` हा हेडर पाठवायचा, मग पुढच्या विनंतीपासून ब्राउझर ती माहिती देऊ लागतो. हा रस्ता मी नाकारला. तो सुरू केला तर पोर्टलवर येणाऱ्या प्रत्येक सभासदाचं मॉडेल आमच्याकडे येऊ लागेल. प्रश्न एकीनं विचारायचा आणि झडती सगळ्यांची घ्यायची, हे बरोबर नाही.

दुसरा रस्ता पानातल्या जावास्क्रिप्टमधून जातो, आणि तो हवा त्याच क्षणी वापरता येतो:

```js
const h = await navigator.userAgentData
  ?.getHighEntropyValues(["model", "platformVersion"]);
```

सभासदानं ‘माझं उपकरण तुम्हाला कोणतं दिसतं?’ हा प्रश्न निवडला की मगच हे चालवायचं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कॅमेऱ्यासाठी ब्राउझर ‘परवानगी द्यायची का?’ असं विचारतो, तसं तो इथे विचारत नाही. कोड चालला की उत्तर थेट आमच्या हातात येतं. म्हणून विचारण्याची जबाबदारी आमची. बटणाच्या वर एक वाक्य घातलं: ‘नेमकं उत्तर देण्यासाठी आम्ही तुमच्या ब्राउझरकडे फोनचं मॉडेल आणि प्रणालीची आवृत्ती विचारू. ती फक्त तुम्हाला दाखवू, साठवणार नाही.’ त्याखाली दुसरं बटण: ‘विचारू नका, जेवढं आधीच दिसतं तेवढंच सांगा.’ ते दाबणाऱ्यालाही पूर्ण उत्तर मिळतं, फक्त त्यात अज्ञाताचा भाग मोठा असतो.

संध्याकाळी ताईंनी काकूंना फोन केला आणि त्यांच्या संमतीनं चाचणी पानावर हे करून पाहिलं. मॉडेल आलं `SM-A515F`, आवृत्ती आली `13.0.0`. सेटिंगमध्ये 13 आहे, हे काकूंचं म्हणणं पहिल्या दिवसापासून खरं होतं.

मॉडेलबद्दल थोडं. `SM-A515F` हा सॅमसंगचा कारखान्यातला सांकेतिक क्रमांक आहे, दुकानात हाच फोन गॅलॅक्सी ए51 म्हणून मिळतो. अमेरिकेत विकलेल्या त्याच फोनचा क्रमांक वेगळ्या अक्षरानं संपतो. क्रमांकावरून दुकानातलं नाव काढण्यासाठी गूगल प्ले सेवेच्या उपकरणांची एक मोठी यादी मिळते, ती वापरू. पण उत्तरात दोन्ही लिहायचं: ‘ब्राउझरनं SM-A515F असा क्रमांक दिला. यादीप्रमाणे तो सॅमसंग गॅलॅक्सी ए51 चा आहे.’ यादीत चूक असेल किंवा फोन यादीत नसेल, तर माणसाला सेटिंगमध्ये जाऊन क्रमांक स्वतः ताडून बघता येतो.

काकूंना गेलेलं अंतिम उत्तर ताईंनी त्यांच्या पद्धतीनं लिहिलं. ते मला इतकं आवडलं की इथे उतरवून ठेवतो: ‘काकू, तुमचा ब्राउझर सगळ्या अँड्रॉइड फोनसाठी 10 हाच आकडा पाठवतो, आणि आमच्या पानानं तो तुमच्या फोनचा आकडा समजून इशारा दिला. इशारा चुकीचा होता, आता काढलाय. आज तुमच्या परवानगीनं ब्राउझरला विचारलं तेव्हा त्यानं अँड्रॉइड 13 आणि मॉडेल SM-A515F सांगितलं. तुमच्या फोनला सुरक्षेच्या सुधारणा अजून येतात की नाही, हे आम्हाला इथून कळत नाही. ते सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटच्या तारखेवरून कळेल.’

शेवटची दोन वाक्यं ताईंची स्वतःची, मसुद्यात ती नव्हती. ए51 हा 2019 च्या डिसेंबरात जाहीर झालेला फोन आहे. ‘तुमचा फोन अगदी सुरक्षित आहे’ असं लिहून टाकणं सोपं होतं. पण एका खोट्या इशाऱ्याच्या जागी खोटा दिलासा देणं हे उत्तर नव्हे.

19 जानेवारी

आज एका सरांचा प्रश्न. ते म्हणतात, ‘मी मोबाइलवरून बोलतोय आणि तुमच्या मॅडम मला माउसनं उजवी क्लिक करायला सांगतात.’ ताईंच्या पडद्यावर ‘उपकरण: लिनक्स संगणक’ असं होतं. लॉगमधली ओळही तेच सांगते:

```
Mozilla/5.0 (X11; Linux x86_64) AppleWebKit/537.36
(KHTML, like Gecko) Chrome/143.0.0.0 Safari/537.36
```

सरांनी क्रोमच्या मेनूत ‘डेस्कटॉप साइट’वर खूण केलेली होती. पासबुकाचा तक्ता मोबाइलवर कापला जातो म्हणून बरेच जण असं करतात. ती खूण असली की अँड्रॉइडवरचा क्रोम स्वतःला लिनक्सचा संगणक म्हणवतो आणि ‘मोबाइल’ हा शब्द गाळतो. यात ब्राउझरची चूक नाही. मोठं पान मिळावं म्हणून माणसानंच त्याला तसं सांगितलेलं असतं.

आयपॅडचं याहून अवघड आहे, कारण तिथे माणसानं काहीच केलेलं नसतं. 2019 मधल्या आयपॅड-ओएस 13 पासून आयपॅडवरची सफारी नेहमीच्या सेटिंगमध्येच स्वतःला ‘Macintosh’ म्हणवते. संगणकासाठी बनवलेली पानं आयपॅडला मिळावीत, हा ॲपलचा हेतू. ओळीवरून मॅक आणि आयपॅड वेगळे करता येत नाहीत. एक वळसा आहे: पानाला `navigator.maxTouchPoints` विचारलं तर पडद्यावर एका वेळी किती बोटं ओळखता येतात ते कळतं. मॅकवर हे 0 येतं, आयपॅडवर 5. म्हणून ‘मॅकिंटॉश’ म्हणवणारं आणि बोटं ओळखणारं उपकरण बहुधा आयपॅड असतं. बहुधाच, कारण आयफोनवर ‘डेस्कटॉप वेबसाइट’ मागितली तर तोही स्वतःला मॅकिंटॉश म्हणवतो आणि बोटंही ओळखतो. मग पडद्याची रुंदी बघायची: चारशे पिक्सेलच्या आसपास असेल तर आयफोन, बरीच जास्त असेल तर आयपॅड.

इथपर्यंत येता येता तीन अंदाज एकमेकांवर रचले गेले, आणि अशा वेळी उत्तर ठाम वाटू लागतं. म्हणून या उत्तराला मी वेगळी भाषा दिली: ‘तुमचा ब्राउझर स्वतःला मॅक संगणक म्हणवतो. पण पडदा स्पर्श ओळखतो, म्हणून हा आयपॅड असावा असं आम्हाला वाटतं. बरोबर आहे का?’ खाली ‘हो’, ‘नाही, आयफोन आहे’, ‘नाही, वेगळंच आहे’ अशी बटणं.

सभासदानं एकदा सांगितलं की त्या संभाषणापुरतं त्याचंच खरं धरायचं, हा नियम आज पक्का केला. ताईंच्या पडद्यावर आता ‘सभासदानं सांगितलं: अँड्रॉइड फोन’ हे वर दिसतं आणि ‘ब्राउझरनं सांगितलं: लिनक्स संगणक’ हे खाली, फिकट अक्षरांत. खालचं पुसायचं नाही. डेस्कटॉप साइटची खूण हेच कदाचित तक्रारीचं मूळ असतं, आणि दोन ओळींतला फरक बघूनच ते ओळखता येतं. सरांच्या बाबतीत तसंच निघालं: खूण काढल्यावर पीडीएफचं बटण जागेवर आलं.

22 जानेवारी

आज जिओफोन. गावाकडच्या शाखांतून अजूनही काही सभासद बटणांच्या जिओफोनवरून शिल्लक बघतात. लॉगमध्ये त्यांच्या ओळीत `LYF/F90M` असं मॉडेल उघड लिहिलेलं असतं, पुढे `Firefox/48.0` आणि शेवटी `KAIOS/2.5`. आमचा जुना कोड फायरफॉक्स या नावावर थांबायचा आणि ‘फायरफॉक्स अपडेट करा’ म्हणायचा. जिओफोनवर फायरफॉक्स नावाचं काहीच दिसत नाही की ते अपडेट करावं. जिओफोनची प्रणाली काय-ओएस ज्या इंजिनावर उभी आहे ते फायरफॉक्सचं, एवढाच संबंध.

या फोनच्या बाबतीत आम्हाला न मागताही जवळजवळ सगळं कळतं. काकूंच्या फोननं मॉडेल झाकलं होतं, जिओफोन ते उघडं ठेवतो. उत्तर दोघांनाही सारख्याच प्रामाणिकपणे द्यायचं. जिओफोनवाल्या सभासदाला असं: ‘तुमचा फोन स्वतःहून त्याचं मॉडेल सांगतो. आम्ही ते मागितलेलं नाही, पण ते आमच्या नोंदीत येतं.’ लहान पडद्यावर मावेल इतकं हे छोटं करायला बराच वेळ गेला.

ऑपेरा मिनी या ब्राउझरचं थोडक्यात लिहून ठेवतो. डेटा जास्तीत जास्त वाचवण्याच्या पद्धतीत पान ऑपेराच्या सर्व्हरवर तयार होतं आणि दाबून लहान करून फोनवर येतं. जावास्क्रिप्टही तिकडेच चालते. तेव्हा आम्ही बोटं मोजतो किंवा रुंदी बघतो, त्याला काही अर्थ उरत नाही, आणि आयपी पत्ताही सभासदाचा नसतो. मूळ फोनची ओळख `X-OperaMini-Phone-UA` या वेगळ्या हेडरमध्ये येते. तो आला तर त्यात जे असेल ते सांगायचं, आणि मध्ये ऑपेराचा सर्व्हर आहे हेही सांगायचं.

28 जानेवारी

चाचणीत एक प्रश्न निघाला, जो मी या आठवड्यात सर्वांत महत्त्वाचा मानतो. चाचणी बघणाऱ्या मित्रानं एक प्रसंग रचला: सभासद स्वतःच्या लॅपटॉपवर लॉगिन करून विचारतो, ‘मी आत्ता कशावर आहे?’ खिडकी म्हणाली: ‘अँड्रॉइड फोन’. कारण तिनं आत्ताची विनंती पाहिलीच नाही. तिनं खात्यावरची उपकरणाची नोंद उचलली, आणि ती मागच्या लॉगिनची होती.

पतसंस्थेच्या खात्यांत हे नेहमीचं आहे. वडिलांच्या खात्यात मुलगा पुण्याहून लॉगिन करतो, मुलीच्या फोनवरून आई शिल्लक बघते, शाखेत कुणीतरी मदत म्हणून स्वतःच्या फोनवर उघडून देतं. खात्यावरची नोंद ही खात्याची असते, समोर बसलेल्या माणसाची नव्हे.

दुरुस्ती अशी केली. ‘आत्ता’च्या प्रश्नाला उत्तर फक्त आत्ताच्या विनंतीवरून. जुनी नोंद असेल तर ती वेगळ्या परिच्छेदात आणि तारखेसह: ‘या खात्यातून 11 जानेवारीला एका अँड्रॉइड फोनवरून लॉगिन झालं होतं. तो फोन तुमचा आहे की आणखी कुणाचा, हे आम्हाला माहीत नाही.’

हे वाक्य दाखवावं की नाही, यावर दुपारभर चर्चा झाली. सहकाऱ्याचं म्हणणं होतं की लोक घाबरतील. माझं म्हणणं, ज्यानं घाबरायला हवं तो घाबरेल. एखाद्याच्या खात्यात अनोळखी फोनवरून कुणी शिरलं असेल, तर ते कळण्याची ही एक संधी आहे. पण त्याच्या आईनंच लॉगिन केलं असेल तर त्याला पोलिसांत जायला लावायचं नाही. म्हणून पुढे जोडलं: ‘घरातल्या कुणी उघडलं होतं का, हे आधी विचारून बघा. कुणीच नसेल तर इथे कळवा, आम्ही पासवर्ड बदलायला मदत करू.’ अंदाजाला इशाऱ्याचा आवाज द्यायचा नाही, एवढं पिवळ्या पट्टीनं शिकवलंच होतं.

मॉडेल या परिच्छेदात दाखवायचं नाही, असं मात्र एकमतानं ठरलं. खातं उघडणाऱ्याला दुसऱ्याच्या फोनची नेमकी ओळख देणं हा वेगळाच घोळ होईल. घराघरांत एकमेकांच्या फोनवर नजर ठेवण्याचे प्रकार असतात, त्यात आम्ही हातभार लावायचा नाही.

3 फेब्रुवारी

आज कार्यालयातल्या सगळ्यांचे फोन मागून घेतले आणि टेबलावर ओळीनं मांडून तपासले. प्रत्येकाला तोच प्रश्न, आणि खिडकीचं उत्तर त्या फोनच्या सेटिंगशी ताडून पाहिलं.

अँड्रॉइडवरच्या क्रोमनं परवानगीच्या बटणानंतर मॉडेल आणि आवृत्ती बरोबर दिली. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्सनं मॉडेल दिलं नाही. त्यात क्लायंट हिंट्सची सोयच नाही, त्यामुळे उत्तर ‘अँड्रॉइड फोन, फायरफॉक्स, मॉडेल कळत नाही’ इथेच थांबलं, आणि ते तिथेच थांबायला हवं होतं. आयफोनवर मॉडेल कुठल्याच ब्राउझरमध्ये मिळत नाही, फक्त ‘iPhone’. आयओएस 26 असलेल्या फोनवर सफारीच्या ओळीत प्रणालीचा आकडा 18 असा येतो. तिथेही आता आकडा गोठवलेला आहे. अँड्रॉइडच्या 10 ची गोष्ट इथेही होऊ शकते, म्हणून आयफोनच्या उत्तरातून प्रणालीची आवृत्ती आम्ही काढूनच टाकली.

विंडोजवर आणखी एक सापळा. विंडोज 11 वरही ओळीत ‘Windows NT 10.0’ असंच येतं. क्रोम आणि एजमध्ये `platformVersion` मागितलं की फरक कळतो: मुख्य आकडा 13 किंवा त्याहून मोठा असेल तर विंडोज 11, 1 ते 10 च्या दरम्यान असेल तर विंडोज 10. विंडोज 11 साठी 13, हे वाचायला विचित्र वाटतं, पण मायक्रोसॉफ्टनं ते तसंच ठरवलंय. हा आकडा सभासदाला कच्चा दाखवायचा नाही, नाहीतर तो विंडोज 13 शोधत बसेल. फायरफॉक्समध्ये ही सोय नाही, तिथे ‘विंडोज 10 किंवा 11, यातलं कोणतं ते कळत नाही’ असं लिहिलं. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला, त्यामुळे हा प्रश्न विचारणारे सध्या बरेच आहेत. त्यांना अर्धवट खात्रीनं ‘10’ सांगणं म्हणजे पुन्हा ती पिवळी पट्टीच. कसं बघायचं ते उत्तरात दिलं: विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबून `winver` लिहा, एंटर दाबा, समोर येईल ते खरं.

ताईंनी एक मागणी केली, आणि ती रास्त आहे. उत्तर पानावर आलं तरी काही सभासद ते फोनवर वाचून दाखवा म्हणतात. तीन भागांचं लांब उत्तर तोंडी सांगताना मधला ‘असावं’ गळून पडतो आणि ऐकणाऱ्यापर्यंत ‘आहे’ पोचतं. म्हणून ताईंसाठी तोंडी सांगायचं छोटं रूप तयार करायला घेतलंय, त्यात अंदाजाच्या आधी प्रश्न येतो: ‘तुमच्या हातात आयपॅड आहे का? आमच्या पानाला तसं वाटतंय.’

शिल्लक काम: 30 दिवसांनी नोंदी पुसणारं काम सर्व्हरवर लावलंय, पण जुन्या बॅकअपमध्ये त्या अजून आहेत. बॅकअपची मुदत संपेपर्यंत उत्तरात ‘बॅकअपमध्ये जुन्या नोंदी असू शकतात’ हे वाक्य राहील. ते काढण्याआधी जुने बॅकअप खरोखर पुसले गेलेत हे कुणीतरी स्वतः उघडून बघायचं, आणि या नोंदींत तारीख टाकायची.